बंद पडलेला वर्ग आणि भरलेली फी

शिकवणीच्या वर्गाची फी परत मिळत नाही अशी तक्रार घेऊन येणारे पालक दोन प्रकारचे असतात. एकाच्या मुलाने क्लास सोडलेला असतो, आणि दुसऱ्याच्या मुलाला क्लासने सोडलेले असते. दोघांचा संताप सारखाच असतो, दोघांच्या हातातील पावत्याही सारख्याच असतात, आणि दोघांनाही क्लासच्या कचेरीत एकच उत्तर मिळते, ते म्हणजे "एकदा भरलेली फी परत मिळत नाही, फॉर्मवर तुमची सही आहे." परंतु कायद्याच्या दृष्टीने ही दोन प्रकरणे अगदी वेगळी आहेत, आणि पुष्कळ पालक आपले दुसऱ्या प्रकारचे बळकट प्रकरण पहिल्या प्रकारचे दुबळे प्रकरण असल्यासारखे मांडतात. आज आम्ही फक्त दुसऱ्या प्रकाराविषयी बोलणार आहोत. क्लासने अभ्यासक्रम मध्येच बंद केला आणि फी द्यायचे नाकारले, तर पालकाने ग्राहकांच्या दाद-दरबारी काय लिहावयाचे, कोठे पाठवावयाचे आणि त्यातून काय निष्पन्न होते, एवढाच हा विषय आहे.

आमचा व्यवसाय कामगार संघटनेचा. तेव्हा या विषयाशी आमचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. करार झाला, मागील महिन्यांचा फरक हातात पडला, की तो पैसा कोठे जातो हे आम्ही पाहत असतो. पूर्वी तो घराच्या कौलांत किंवा मुलीच्या लग्नात जाई. आता तो फार मोठ्या प्रमाणावर अकरावी-बारावीच्या क्लासमध्ये जातो. झगडून मिळविलेली रक्कम अशी एका बंद दाराआड अडकली, की कामगार पुन्हा आमच्याच कचेरीत येतो. शाळा-कॉलेज आम्ही फारसे पाहिले नाही. कायद्याची पुस्तके गरजेपोटी वाचली. त्या वाचनातून व अशा प्रकरणांतून जे हाती लागले ते सांगतो.

एक प्रकरण घेऊ. नावे व गाव गाळतो, कारण कोणाची बदनामी करावी असा हेतू नाही. एका कारखान्यातील फिटरने आपल्या मुलास अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षेच्या क्लासला घातले. अभ्यासक्रम जून २०२२ ते जानेवारी २०२४, म्हणजे वीस महिन्यांचा. फी एक लाख रुपये, तीवर अठरा टक्के जीएसटी, एकूण १,१८,००० रुपये. सर्व फी पहिल्या तीन महिन्यांत भरून घेतली गेली. ३८,००० रुपये मोबाइलवरून, ४०,००० रुपये चेकने आणि ४०,००० रुपये रोख. रोख रकमेची छापील पावती मिळाली नाही, एका चिठ्ठीवर आकडा व कोणाची तरी आद्याक्षरे तेवढी होती. आठ महिने वर्ग नीट चालला. मग गणिताचे शिक्षक दुसऱ्या क्लासला गेले, तुकडीतील मुले कमी झाली, आणि ३१ जानेवारी २०२३ रोजी दारावर कागद लागला, "ही तुकडी बंद करण्यात येत आहे. विद्यार्थ्यांनी ऑनलाइन तुकडीत किंवा शहरातील शाखेत हजर व्हावे." ती शाखा साठ किलोमीटरवर होती.

वडिलांनी तक्रार लिहिली. चार पानांची. तीत क्लासने जाहिरातीत दाखविलेली खोटी छायाचित्रे होती, पंख्यांची दुरवस्था होती, मुलाच्या मनावर झालेला परिणाम होता, शिक्षणाच्या व्यापारीकरणाविषयी एक परिच्छेद होता, आणि शेवटी "योग्य ती कारवाई करून न्याय मिळावा" ही विनंती होती. ती त्यांनी जिल्हाधिकारी, शिक्षणाधिकारी, मंत्रालय आणि "ग्राहक खाते" अशा चार पत्त्यांवर पाठविली. दोन महिन्यांनी एका ठिकाणाहून पोच आली, एका ठिकाणाहून "आपला अर्ज संबंधित कार्यालयाकडे पाठविला आहे" असे उत्तर आले, आणि बाकी दोन ठिकाणी काही झाले नाही.

या तक्रारीत खोटे असे काही नव्हते. परंतु दोन गोष्टी नव्हत्या. किती रुपये हवेत हा आकडा नव्हता, आणि ज्याला ते देण्याचा हुकूम करता येतो त्याचा पत्ता नव्हता. आमच्या धंद्यात आम्ही पहिल्या दिवशी शिकतो की मागणीपत्रात "अन्याय दूर करा" असे लिहून भागत नाही. किती जणांचे, किती दिवसांचे, कोणत्या दराने आणि एकूण किती, हे लिहावे लागते. ग्राहकाच्या तक्रारीचेही तसेच आहे.

प्रथम पत्त्याचे पाहू. लोक ज्याला एका शब्दात "ग्राहक खाते" म्हणतात, ती वास्तविक तीन निरनिराळी दारे आहेत. पहिले दार राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचे, टेलिफोन क्रमांक १९१५. येथे तक्रार नोंदविली की ती क्लासकडे पाठविली जाते व उत्तर मागविले जाते. येथे समेट घडविण्याचा प्रयत्न होतो, हुकूम होत नाही. मोठ्या, नावाला जपणाऱ्या संस्थांच्या बाबतीत येथे पैसे मिळाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. ज्याने शटर ओढून घेतले आहे, त्याच्यावर मात्र या दाराचा परिणाम थोडा. खर्च नाही, वकील नाही, म्हणून हे दार प्रथम ठोठवावे. पण उत्तराची वाट पाहत वर्ष घालवू नये.

दुसरे दार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने हे निर्माण झाले. याचे काम ग्राहक वर्गाचे हित पाहणे हे आहे, म्हणजे दिशाभूल करणाऱ्या जाहिराती, अनुचित व्यापारी प्रथा आणि पुष्कळांचे एकाच रीतीने होणारे नुकसान. क्लासच्या जाहिरातींविषयी याच प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. जिल्हाधिकाऱ्यांनाही या कायद्यात स्थान आहे, पण तेसुद्धा ग्राहक वर्गाच्या हक्कभंगाची चौकशी करून प्राधिकरणाला अहवाल देण्यापुरते. तेव्हा आपल्या फिटरचा जिल्हाधिकाऱ्यांकडील अर्ज अगदीच वाया गेला असे नव्हे. तुकडीतील सर्व पालकांनी मिळून तो केला असता तर त्याला अर्थ आला असता. एका मुलाच्या फीचा हिशेब करून देणे हे मात्र त्यांचे काम नाही.

तिसरे दार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचे. एकट्या पालकाचे पैसे परत करा असा हुकूम देण्याचा अधिकार येथे आहे. दिलेला मोबदला पन्नास लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, आणि तो पाच लाखांपर्यंत असेल तर काहीही फी लागत नाही. २०१९ च्या कायद्याने एक मोठी सोय केली आहे. क्लासचे मुख्य कार्यालय दिल्लीस असो की हैदराबादेस, तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरीधंदा करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मूल अज्ञान असेल तर पालक तक्रारदार होऊ शकतो. वकील दिलाच पाहिजे असे नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. १ जानेवारी २०२५ पासून त्यासाठी "ई-जागृती" हे सरकारी संकेतस्थळ सुरू झाले आहे. मुदत एकच ध्यानात ठेवावी, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे.

आता आकड्याचे पाहू, आणि येथेच प्रकरणाचा खरा कस लागतो. आम्ही त्या फिटरला चार पानांचे पत्र बाजूला ठेवावयास सांगितले व कोऱ्या कागदावर चार ओळी लिहिल्या. एकूण दिले १,१८,००० रुपये. अभ्यासक्रम वीस महिन्यांचा, म्हणजे महिना ५,९०० रुपये. शिकविले आठ महिने. न शिकविलेले बारा महिने, म्हणजे ७०,८०० रुपये. हा आकडा तक्रारीचा कणा झाला. पुष्कळ पालक रागाने सगळीच्या सगळी फी मागतात. आठ महिने मूल वर्गात बसले आणि त्याविषयी त्या वेळी एकही तक्रार नव्हती, असे असता पूर्ण फी मागितली की समोरचा वकील तेवढेच धरून बसतो आणि बाकीच्या रास्त मागणीवरही संशयाची छाया पडते. आठ महिन्यांचे शिकवणे आपण मान्य केले, की उरलेल्या बारा महिन्यांविषयी क्लासला बोलावयास जागा थोडी राहते.

या आकड्यावर क्लासने तीन हरकती घेतल्या. त्या बहुतेक प्रकरणांत येतात, म्हणून त्यांची उत्तरे सांगतो.

पहिली हरकत पुस्तकांची. "पुस्तके व चाचण्यांचे बारा हजार वजा करा." यावर पावती पाहावयाची. पावतीवर "कोर्स फी" एवढे एकच कलम होते, पुस्तकांचा वेगळा आकार नव्हता, आणि दुसऱ्या वर्षाची पुस्तके दिलीच गेली नव्हती. पावतीवर वेगळे कलम असते आणि सर्व पुस्तके हाती पडली असती, तर मात्र ती रक्कम सोडावी लागली असती. दुसरी हरकत कराची. "जीएसटी सरकारात भरला, तो आम्ही कोठून देणार?" जी सेवा दिलीच गेली नाही तिच्यावरील कराचा हिशेब दुरुस्त करण्यासाठी जीएसटी कायद्यात क्रेडिट नोटेची व्यवस्था आहे. तो क्लासचा व कर खात्याचा प्रश्न होय. पालकाच्या खिशातून गेलेल्या पैशात तो कर होता, म्हणून न मिळालेल्या महिन्यांच्या प्रमाणात तोही परत मागावा.

तिसरी हरकत सर्वांत चतुर होती. "आम्ही शिकवणे बंद केलेच नाही. ऑनलाइन तुकडी दिली, शहरातील शाखा दिली. मुलगा आला नाही, म्हणजे त्यानेच क्लास सोडला." दुसऱ्या प्रकारच्या प्रकरणाला पहिल्या प्रकारात ढकलण्याचा हा डाव आहे, आणि पालक गाफील राहिला तर तो साधतो. याचे उत्तर मूळ फॉर्ममध्ये असते. फिटरने विकत घेतले ते काय? अमुक पत्त्यावर, वर्गात बसून, आठवड्यातून सहा दिवस शिकवणे. त्याऐवजी दुसरी वस्तू पुढे केली तर ती घ्यावयाची की नाही हे गिऱ्हाइकाने ठरवावयाचे. परंतु त्याने ते ताबडतोब आणि लेखी ठरविले पाहिजे. मुलगा चार महिने मुकाट्याने ऑनलाइन तुकडीत बसला असता, तर बदल मान्य केला असाच अर्थ निघाला असता. परीक्षा जवळ आहे, शिकवणे बुडू नये, म्हणून काही दिवस बसवावेच लागले, तर "आमचा परताव्याचा हक्क राखून तात्पुरते हजर राहत आहोत" असे एक वाक्य कळवून ठेवावे. कामगार निषेध नोंदवून पगार उचलतो, तसेच हे आहे. आपल्या फिटरने ६ फेब्रुवारी २०२३ रोजी, म्हणजे सहाव्या दिवशी, क्लासच्या व्हॉट्सॲप क्रमांकावर कळविले होते की ऑनलाइन तुकडी व दुसरी शाखा मान्य नाही, उरलेली फी परत करावी. त्या चार पानांपेक्षा हे दोन ओळींचे निरोपपत्र पुढे जास्त उपयोगी पडले.

आता त्या प्रसिद्ध वाक्याकडे येऊ, "एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही." हे वाक्य वाचून निम्मे पालक परत फिरतात. पण ते वाक्य विद्यार्थी सोडून गेला तर काय, याविषयी आहे. क्लासनेच आपला शब्द मोडला तर मोबदला त्याचाच राहील, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. खाणावळीचे महिन्याचे पैसे घेऊन दहाव्या दिवशी चूल विझविणाऱ्याने "पैसे परत नाहीत" ही पाटी दाखवावी, तसा हा प्रकार आहे. कायद्यात याविषयी स्पष्ट शब्द आहेत. २०१९ च्या कायद्यातील कलम २ च्या ४७ व्या पोटकलमात अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. सदोष सेवा मागे घेऊन वा बंद करून तिचा मोबदला पावतीत ठरलेल्या मुदतीत, आणि मुदत ठरलेली नसेल तर तीस दिवसांत, परत करण्यास नकार देणे ही त्या यादीतील एक प्रथा होय. म्हणून आमचा आग्रह असतो की प्रथम लेखी मागणी करावी, तीत तीस दिवसांची मुदत द्यावी, आणि ती स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपावी. तीस दिवस उलटले की नकार पुरा झाला.

येथे एक बारीक खाच आहे, आणि जाणत्यांचाही पाय तीत अडकतो. हे "परत मिळणार नाही" असे वाक्य पाहून पुष्कळजण तक्रारीत मागणी करतात की हा करारच अन्यायकारक ठरवून रद्द करावा. नव्या कायद्यात "अनुचित करार" अशी स्वतंत्र व्याख्या आहे हे खरे. परंतु त्या कारणावरून तक्रार ऐकण्याचा अधिकार राज्य आयोग व राष्ट्रीय आयोग यांना दिला आहे, जिल्हा आयोगाला नाही. तेव्हा जिल्हा आयोगापुढे ती मागणी घातली की अधिकारक्षेत्राचा वाद उभा राहतो आणि तारखा पडत जातात. आपल्याला करार रद्द करून घ्यावयाचा नाही, करार मोडल्याचे पैसे हवे आहेत. म्हणून "सेवेतील त्रुटी" आणि "अनुचित व्यापारी प्रथा" या दोन कारणांवरच तक्रार उभी करावी. तेवढी पुरेशी आहेत.

"शिक्षण ही सेवाच नाही" हा बचावही क्लासवाले करतात. शाळा, कॉलेजे व विद्यापीठे ग्राहक कायद्यात येतात की नाही, हा वाद जुना आहे व तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. परंतु क्लासच्या बाबतीत राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या पीठाने २० जानेवारी २०२० रोजी मनू सोळंकी प्रकरणात वेगळे सांगितले आहे. विद्यापीठे व महाविद्यालये यांना कायद्याच्या बाहेर ठेवतानाच त्याने म्हटले की कोचिंग संस्थांची बरोबरी त्यांच्याशी करता येणार नाही, आणि त्यांच्या सेवेतील त्रुटी व अनुचित प्रथा ग्राहक आयोगांच्या कक्षेत येतात. हा निर्णय तक्रारीत एका ओळीत नमूद करावा. मात्र ज्यांनी क्लास व कनिष्ठ महाविद्यालय एकत्र असलेल्या ठिकाणी एकच फी भरली आहे, त्यांनी पावती नीट पाहावी. कॉलेजची फी आणि क्लासची फी वेगळी दाखविलेली असेल तरच हा आधार निर्धास्तपणे घेता येतो.

तक्रार कोणाविरुद्ध करावयाची, हाही प्रश्न साधा नाही. दारावरील पाटी एका नावाजलेल्या संस्थेची होती, पावती एका स्थानिक फर्मची होती, आणि चेक तिसऱ्याच खात्यात वटला होता. संस्था म्हणते की "ती आमची फ्रँचायझी होती, आमचा संबंध नाही," आणि फर्म म्हणते की "आम्ही नुसते चालविणारे." पालकाने यातील एक निवडण्याच्या भानगडीत पडू नये. ज्याच्या नावाने जाहिरात झाली, ज्याने पावती दिली आणि ज्याच्या खात्यात पैसे गेले, त्या सर्वांना विरुद्ध पक्ष करावे. कोणी किती द्यावे हे आयोग ठरवील. फीसाठी कर्ज काढले असेल व हप्ते चालू असतील, तर कर्ज देणाऱ्या कंपनीलाही लेखी कळवून तिला पक्षकार करावे. मनाने हप्ते थांबविले तर थकबाकीचा डाग पालकाच्या नावावर बसतो.

अशा रीतीने चार पानांची तक्रार दीड पानावर आली. तिचा मजकूर सारांशाने असा होता:

"१. मी अमुक ठिकाणी राहतो. माझा अज्ञान मुलगा विरुद्ध पक्षाच्या वर्गात जून २०२२ पासून शिकत होता. २. अभ्यासक्रम वीस महिन्यांचा, वर्गात बसून शिकविण्याचा होता. माहितीपत्रक व फॉर्म जोडला आहे. ३. मी एकूण १,१८,००० रुपये तीन वेळा दिले. तपशील व पुरावे जोडले आहेत. ४. दिनांक ३१ जानेवारी २०२३ रोजी विरुद्ध पक्षाने तुकडी बंद केली. दारावरील सूचनेचे छायाचित्र जोडले आहे. ५. दिलेला पर्याय मी ६ फेब्रुवारी रोजी लेखी नाकारला. ६. दिनांक २० फेब्रुवारी रोजी तीस दिवसांची नोटीस दिली. रक्कम मिळाली नाही. ७. न दिलेल्या बारा महिन्यांचे ७०,८०० रुपये, नोटिशीची मुदत संपल्यापासून व्याज, मानसिक त्रासाबद्दल १५,००० रुपये व तक्रारीचा खर्च ५,००० रुपये मिळावा."

मुलाला नंतर दुसऱ्या शिकवणीला घालावे लागले, तिचे चोवीस हजार रुपयेही मागावे असे वडिलांच्या मनात होते. ते आम्ही घालू दिले नाही. बारा महिन्यांचे पैसे परत मिळाले, की त्याच बारा महिन्यांच्या दुसऱ्या शिकवणीचा खर्च त्यातूनच भागतो. दोन्ही मागणे म्हणजे एकाच नुकसानीची भरपाई दोनदा मागणे होय. दुसरी शिकवणी परताव्याहून महाग पडली असती, तर वरचा फरक मागता आला असता.

आता त्या रोख चाळीस हजारांचे काय झाले? क्लासने ती रक्कम मिळालीच नाही असे सांगितले. आद्याक्षरांची चिठ्ठी एकटी टिकली नसती. पण मुलाच्या आईच्या फोनमध्ये क्लासच्या कचेरीकडून ऑगस्ट २०२२ मध्ये आलेला एक संदेश निघाला, "पूर्ण फी जमा. धन्यवाद." त्या संदेशाची छापील प्रत, तो कोणत्या फोनमध्ये आहे व प्रत कोणी काढली याचे प्रमाणपत्र, आणि वडिलांचे प्रतिज्ञापत्र, एवढ्यावर ती रक्कम धरली गेली. ज्यांना रोख भरावे लागते त्यांनी घरी येताच कचेरीच्या क्रमांकावर एक ओळ पाठवावी की "आज अमुक रक्कम रोख भरली." तिला आलेले "हो" हे पुष्कळदा पावतीची उणीव भरून काढते.

जून २०२३ मध्ये तक्रार दाखल झाली. कायद्याप्रमाणे विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा दिवस मिळतात. मागील कायद्यातील अशाच तरतुदीविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये सांगितले की पंचेचाळीस दिवसांपलीकडे मुदत वाढविण्याचा अधिकार आयोगाला नाही. मालाची तपासणी नको असलेल्या तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लावावा असेही कायदा म्हणतो. प्रत्यक्षात निकाल ऑक्टोबर २०२४ मध्ये लागला, म्हणजे सोळा महिन्यांनी. मध्यंतरी मध्यस्थीची एक फेरी झाली. तीत क्लासने तीस हजार देऊ केले, ते वडिलांनी नाकारले. निकालात ७०,८०० रुपये, त्यांवर साध्या दराने व्याज, त्रासाबद्दल पाच हजार व खर्चाचे तीन हजार मिळाले. मागितल्यापेक्षा त्रासाची रक्कम कमी मिळाली, आणि तसेच घडत असते. ज्याचा हिशेब मांडता येतो ते बहुधा पुरे मिळते. ज्याचा मांडता येत नाही त्यात आयोग हात आखडता घेतो.

निकाल लागला म्हणजे पैसे मिळाले असे नाही. क्लासला पंचेचाळीस दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते, परंतु त्यासाठी हुकुमातील रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. लहान रकमांच्या प्रकरणांत यामुळे पुष्कळ अपिले होतच नाहीत. अपील नाही आणि पैसेही नाहीत, असे झाले तर अंमलबजावणीचा अर्ज करावा लागतो. हुकूम न पाळणाऱ्यास एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पंचवीस हजारांपासून एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे. आपल्या प्रकरणात हा अर्ज दाखल झाल्यानंतर दोन हप्त्यांत पैसे आले.

पण ही गाडी कोठे अडते हेही सांगितले पाहिजे. क्लास चालविणारी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तर तिच्याविरुद्धची प्रकरणे कायद्यानेच स्थगित होतात, आणि पालकाला तेथे नेमलेल्या अधिकाऱ्याकडे आपला दावा मुदतीत नोंदवावा लागतो. त्यातून किती हाती पडेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. फर्मच्या खात्यात काहीच उरले नसेल, तर हुकूम कागदावर राहतो. म्हणून वर्ग डळमळीत झाल्याची चिन्हे दिसू लागली, म्हणजे शिक्षक एकामागून एक जाऊ लागले, त्यांचे पगार थकले, दोन तुकड्यांची एक झाली, पुढील हप्ता सवलतीचे आमिष दाखवून लवकर मागितला जाऊ लागला, की पुढचा पैसा भरण्यापूर्वी थांबावे. शिक्षकांचे पगार थकणे हे चिन्ह आम्ही सर्वांत मोठे मानतो. ज्या धंद्यात प्रथम कामगाराचे पैसे थकतात, तेथे गिऱ्हाइकाची पाळी त्यानंतर येते, हे आम्ही गिरण्यांपासून पाहत आलो आहो.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये क्लासविषयी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत पूर्ण फी भरलेल्या विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडला तरी उरलेल्या काळाची फी प्रमाणशीर हिशेबाने दहा दिवसांत परत करावी असे आहे. या सूचना राज्यांना उद्देशून आहेत. नुसत्या त्यांच्या बळावर वसुली होत नाही. पण स्वतः सोडणाऱ्यालाही परतावा रास्त असे जेथे सरकार म्हणते, तेथे क्लासनेच सोडलेल्याचा हक्क किती बळकट, एवढे दाखविण्यास त्या तक्रारीत उपयोगी पडतात.

शेवटचा मुद्दा आमच्या धंद्यातील आहे. त्या तुकडीत बावीस मुले होती. तक्रार केली एकानेच. एकाच रीतीने नुकसान झालेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने एक तक्रार करण्याची सोय कायद्यात आहे. ती करावयाची तर प्रत्येकाची भरलेली रक्कम, शिकविलेले महिने व उरलेली रक्कम यांचा तक्ता जोडावा लागतो. ती नको असेल तर प्रत्येकाने आपली वेगळी तक्रार एकाच दिवशी दाखल करावी, पुरावे सगळ्यांचे एकच. दारावरील सूचनेचे एक छायाचित्र बावीस प्रकरणांना पुरते. शिवाय बावीस जणांची नोंद झाली की प्राधिकरण व जिल्हाधिकारी यांच्या दारी "ग्राहक वर्ग" म्हणून उभे राहता येते, ते एकट्याला शक्य नसते. त्या एकवीस पालकांपैकी काहींनी निकाल पाहून २०२४ च्या अखेरीस चौकशी केली. त्यांना सांगावयास आमच्याजवळ दिवस मोजून थोडेच होते, कारण दोन वर्षांची मुदत त्या जानेवारीअखेर संपत होती. तीन जण वेळेत पोहोचले. बाकीच्यांच्या पावत्या अजून कपाटात आहेत.